भंगाराचा दर दर महिन्याला हलतोय: वर्षाचं बजेट ठेवायचं की रोलिंग करायचं?

कुपवाड_फौंड्री
नमस्कार मंडळी. कुपवाड एमआयडीसीत आमची बिडाच्या कास्टिंगची फौंड्री आहे. इंडक्शन भट्टी, महिन्याला साधारण १०० टन चांगला माल, बहुतेक पंपांची केसिंग आणि थोडे ट्रॅक्टरचे भाग. हिशेब आणि बँक मी बघते, उत्पादन माझे दीर बघतात.

आमचे सासरे दर मार्चमध्ये बसून वर्षाचं बजेट करतात. टन किती, भंगार आणि पिगचा दर किती धरायचा, वीज, रेझिन, पगार, व्याज, सगळं. ते एकदा ठरलं की वर्षभर त्यालाच धरून बोलणं होतं. या वर्षी धातूचा सरासरी दर किलोला ४० रुपये धरला होता. जुलैत तो ४४ वर आहे. आता महिन्याच्या बैठकीत कुठलाही प्रश्न विचारला तरी उत्तर एकच येतं, "दर वाढलाय ना." आणि ते खोटंही नाही, म्हणून पुढे बोलता येत नाही.

दिरांचं म्हणणं, हे बजेट आता रद्दी झालंय, दर महिन्याला ताज्या दराने नवीन करू. सासऱ्यांचं म्हणणं, दर महिन्याला बदलतं त्याला बजेट म्हणत नाहीत, तो नुसता अंदाज. मला दोघांचंही पटतं आणि तीच पंचाईत आहे. आपल्या भागात कुणी लहान कारखान्यात रोलिंग बजेट खरोखर चालवलंय का? काय अनुभव?

पलूसकर_पाटील
ताई, दिरांचं बरोबर आहे. वार्षिक बजेट ही जुन्या काळातली पद्धत, तेव्हा दर वर्षभर जागचे हलत नव्हते. मी पुण्यात एका मोठ्या वाहन कंपनीत होतो, तिथे दर महिन्याला पुढच्या १२ महिन्यांचं नवीन बजेट व्हायचं. एक महिना संपला की पुढे एक जोडायचा. बजेट कायम ताजं. ४० रुपयांच्या आकड्याशी तुलना करून तुम्हाला काय कळणार आहे? मार्चमध्ये केलेला अंदाज चुकला, एवढंच.

हळद_मार्केटयार्ड
आमचा हळद पावडरीचा कारखाना आहे, त्यामुळे थोडं वेगळं सांगतो. आमचा वर्षाचा माल फेब्रुवारी ते मे मध्ये यार्डात सौद्यालाच ठरतो. राजापुरी घेतली, गोदामात टाकली, की वर्षभर तोच दर. दर महिन्याला बजेट बदलून आम्ही काय करणार? आमचं खरं बजेट म्हणजे सीझनला किती क्विंटल उचलायची आणि त्यासाठी पैसा कुठून आणायचा. म्हणून सासरेबुवा म्हणतात ते मला पटतं. एकदा ठरवा आणि त्याच्याशी प्रामाणिक राहा.

कृष्णाकाठ
@हळद_मार्केटयार्ड, तुमचं तुमच्या जागी अगदी बरोबर आहे, कारण तुमची खरेदी वर्षातून एकदा होते. फौंड्रीत १५-२० दिवसांचं भंगार असतं, जागाही नसते आणि पैसाही नसतो. खरेदी किती दिवसांनी होते त्यावर दराचा अंदाज किती दिवसांनी बदलायचा हे ठरतं.

@कुपवाड_फौंड्री, मी पंपांच्या धंद्यात बरीच वर्षं कॉस्टिंग बघितलं, आता निवृत्त आहे. दोघांपैकी कोण बरोबर हे सांगण्याआधी मला तीन आकडे द्या. एका टन चांगल्या मालाला बाहेरून आणलेला धातू किती किलो लागेल असं बजेटात धरलं होतं? जुलैत खरोखर किती लागला? आणि माल किती टन गेला? रुपये नकोत, किलो सांगा.

कुपवाड_फौंड्री
काका, बजेटात टनाला १,०७० किलो धरले आहेत. रनर-रायझरचं रिटर्न परत भट्टीत जातं ते सोडून, फक्त भंगार, पिग आणि सीआरसी पत्र्याचे तुकडे. जुलैत माल बरोबर १०० टन गेला. वापर मला स्टोअरमधून काढावा लागेल. रुपयांत सांगते: बजेट ४२ लाख ८० हजार, प्रत्यक्ष ४८ लाख ४० हजार. म्हणजे ५ लाख ६० हजार जास्त.

कृष्णाकाठ
४८ लाख ४० हजाराला ४४ ने भागा. १ लाख १० हजार किलो आले. म्हणजे टनाला १,१०० किलो लागले, १,०७० नाही. तरी सुरुवातीचा आणि शेवटचा साठा मोजून एकदा खात्री करा.

कुपवाड_फौंड्री
स्टोअरमधून आकडा आला. साठ्याची वजावट करून १,०९,९०० आणि काही किलो. तुमचं बरोबर आहे.

कृष्णाकाठ
मग आता ५ लाख ६० हजाराचे दोन तुकडे करा. १ लाख १० हजार किलो धातू किलोला ४ रुपयांनी महाग पडला, हे झाले ४ लाख ४० हजार. हा बाजाराचा भाग. याला तुमचे दीर काही करू शकत नाहीत, खरेदी करणारा माणूस थोडंफार करू शकतो.

उरले १ लाख २० हजार. हे ३,००० किलो जास्त धातू गेला त्याचे, बजेटच्या ४० रुपये दराने. याचा बाजाराशी काही संबंध नाही. भंगार ४० रुपयांवरच राहिलं असतं तरी हे पैसे गेलेच असते. बैठकीत "दर वाढलाय ना" म्हटलं की हे १ लाख २० हजारही त्याच पोत्यात बांधून बाहेर जातात. तुमची अडचण वार्षिक की मासिक ही नाही. दर आणि वापर एकाच आकड्यात कोंबलेत, ही आहे.

पलूसकर_पाटील
काका, हे मान्य. पण रोलिंग केलं असतं तर हा फरक लगेच दिसला असता ना? दर ४४ धरून बजेट केलं की दराचा फरक शून्य, मग जे उरेल ते वापराचं.

कृष्णाकाठ
पाटील, कागदावर तसंच दिसतं. पण रोलिंग बजेट कारखान्यात कसं तयार होतं ते बघा. महिनाअखेर घाई असते. अकाउंटंट मागच्या महिन्याचं पान उघडतो आणि प्रत्यक्ष झालेले आकडे पुढच्या महिन्याचं बजेट म्हणून चिकटवतो. दर ४४, वापर टनाला १,१००. ऑगस्टला पुन्हा १,१०० लागले की फरक शून्य. सगळे खूश. ऑक्टोबरला १,११५ झाले तर फरक फक्त १५ किलोचा दिसणार, आणि नोव्हेंबरला तेच १,११५ नवीन पाया होणार. सहा महिन्यांत टनाला ४५ किलो कुठे गेले हे कुणालाही कळत नाही, कारण दर महिन्याला मोजपट्टीच पुढे सरकवली.

म्हणून माझं मत असं: किलो वर्षभरासाठी गोठवा, रुपये दर महिन्याला बदला. टनाला धातू किती, वितळवायला वीज किती युनिट, साच्याला रेझिन किती, माणसांचे तास किती, हे मार्चमध्ये ठरवा आणि नवीन भट्टी किंवा नवा पार्ट आल्याशिवाय हात लावू नका. हे तुमच्या सासऱ्यांचं बजेट. त्याला ताजे दर लावून पुढचे तीन महिने दर महिन्याला पुन्हा मांडा. हे तुमच्या दिरांचं बजेट. दोघांच्या हातात एकाच कागदाचे दोन भाग आहेत.

मेल्टिंग_वाला
भट्टीवर उभा राहणारा माणूस म्हणून बोलतो. ते ३,००० किलो कुठे गेले त्याचा अंदाज मला आहे. दर वाढले की खरेदीवाला स्वस्त भंगार शोधतो. गंजलेलं, पातळ पत्र्याचं, मातीसकट, नाहीतर मशीन शॉपमधला ओला चुरा, म्हणजे बोरिंग. किलोला दोन रुपये कमी मिळतं आणि तो बैठकीत छाती काढून सांगतो.

आता हिशेब करा. ४४ रुपयांच्या चांगल्या भंगारात वितळताना ४ टक्के जातं, म्हणजे भट्टीतल्या रसाचा किलो ४५ रुपये ८३ पैशांना पडला. ४२ रुपयांच्या गंजलेल्या मालात १० टक्के गेलं तर ४६ रुपये ६७ पैसे. दोन रुपये वाचवून किलोमागे ८४ पैसे घालवले. वर स्लॅग काढायला वेळ, तेवढा वेळ रस तापत ठेवायची वीज, आणि लाइनिंग लवकर खातं ते वेगळंच.

@कुपवाड_फौंड्री ताई, ओळखायचं कसं ते सांगतो. एक, हीटमागे, म्हणजे भट्टीच्या एका वितळवणीमागे, स्लॅगच्या बादल्या वाढल्यात का ते मेल्टरला विचारा, त्याला तोंडपाठ असतं. दोन, लाइनिंग मागच्या वर्षी किती हीट चालत होतं आणि आता किती ते बघा. तीन, गेटच्या वजनकाट्याचं वजन आणि भट्टीच्या चार्ज शीटवरचं वजन जुळतं का बघा. तिथेच फरक असेल तर माल भट्टीपर्यंत पोचतच नाही, मग तो ओलावा, माती किंवा आणखी काही. चार्ज शीटपर्यंत जुळतंय आणि पुढे कमी पडतंय, तर भट्टीत जळतंय.

कुपवाड_फौंड्री
दादा, फार उपयोगाचं सांगितलंत. दिरांना विचारलं, जूनपासून एक नवीन भंगारवाला लावलाय आणि त्याच्याकडे बोरिंग जास्त येतं म्हणाले. रिजेक्शनही थोडं वाढलंय. ते पण या ३,००० किलोत आलं का?

मेल्टिंग_वाला
रिजेक्शनचा धातू परत भट्टीत येतो, त्यामुळे किलोत त्याचा थोडाच भाग दिसतो, दुसऱ्यांदा वितळताना जळतं तेवढाच. रिजेक्शन खरं दिसतं विजेत, रेझिनमध्ये आणि फेटलिंगच्या मजुरीत. म्हणून कृष्णाकाठ काका म्हणतात तसं विजेचे युनिटसुद्धा टनामागे गोठवा. रस वितळवायला टनाला ६०० युनिटच्या आसपास लागतात, भट्टी किती भरलेली आणि किती वेळ थांबलेली यावर कमी-जास्त. पण गणित चांगल्या मालाच्या टनावर करा, रसाच्या टनावर केलंत तर रिजेक्शन लपतं.

वाई_नाका
मला वाटलं केंद्राच्या बजेटवर धागा आहे, पोलादावरच्या ड्युटीचं काही असेल म्हणून आलो. 🙂 आता आलोच आहे तर चहा सांगा.

कृष्णाकाठ
@वाई_नाका, बसा. आणि ड्युटीचा विषय इथे बसतोसुद्धा. २०२२ आठवतंय का? फेब्रुवारीत युक्रेनचं युद्ध सुरू झालं. रशिया आणि युक्रेन दोघेही जगाला पिग आयर्न विकणारे मोठे देश, त्यामुळे दर भडकले. नेमकं त्याच वेळी सगळ्यांनी मार्चची बजेटं केली, वरच्या दराने. मग मे महिन्यात केंद्राने पिग आणि बऱ्याच पोलादी मालावर १५ टक्के निर्यात शुल्क लावलं आणि कोकिंग कोळसा, कोकवरचं आयात शुल्क काढून टाकलं. बाजार खाली आला. नोव्हेंबरमध्ये ते निर्यात शुल्क पुन्हा काढलं. एका आर्थिक वर्षात सरकारनेच दोनदा दिशा फिरवली. त्या वर्षी मार्चचा दर धरून बसलेल्या फौंड्रीला मे नंतर बजेटात नफाच नफा दिसत होता, आणि आतला वापर किती बिघडलाय ते पडत्या दराखाली झाकलं गेलं. दर चढताना "दर वाढला" हे कारण असतं. दर पडताना तर कुणी कारणच विचारत नाही, म्हणून तो काळ जास्त धोक्याचा.

सीए_विश्रामबाग
बँकेची बाजू कुणीच मांडली नाही म्हणून लिहिते. वार्षिक बजेट टाकून देता येणार नाही, कारण सीसी म्हणजे कॅश क्रेडिट लिमिटच्या नूतनीकरणाला बँक पुढच्या वर्षाची उलाढाल मागते. सूक्ष्म-लघु उद्योगांना ५ कोटींपर्यंतच्या खेळत्या भांडवलासाठी अंदाजित वार्षिक उलाढालीच्या किमान २० टक्के मर्यादा द्यायची, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. समजा या ताईंची उलाढाल ११ कोटी ४० लाख धरली, तर मर्यादा २ कोटी २८ लाखांच्या आसपास येते. भंगार १० टक्क्यांनी वाढलं की साठाही महाग आणि येणं बाकीही मोठी, पण मर्यादा मार्चच्याच आकड्यावर अडकलेली.

इथे रोलिंगचा खरा उपयोग होतो. पुढच्या तीन महिन्यांत पैसा कुठे कमी पडणार हे आधी दिसलं तर सुधारित आकडे घेऊन बँकेत वेळेवर जाता येतं, तात्पुरती वाढीव मर्यादा मागता येते. खातं ओव्हरड्रॉ झाल्यावर गेलात तर बोलणं वेगळं होतं. माझे बरेच अशील धातूवाले आहेत, त्यांना मी हेच सांगते: नफ्या-तोट्याचं नाही जमलं तरी चालेल, पण पैशाच्या येण्याजाण्याचं रोलिंग करा.

आणि एक, भंगार नोंदणी नसलेल्या माणसाकडून घेत असाल तर ऑक्टोबर २०२४ पासून त्यावरचा १८ टक्के जीएसटी खरेदीदाराने रोखीत भरायचा आहे. क्रेडिट मिळतं, पण पैसे आधी खिशातून जातात. तेही त्या तीन महिन्यांच्या कागदावर लिहा.

हळद_मार्केटयार्ड
सीए ताई, हे आम्हालाही लागू आहे की. सीझनला सगळा पैसा एकदम जातो, मग वर्षभर हळूहळू परत येतो. पूर्वी हरिपूरला पेवं होती तेव्हा हळद जमिनीखाली ठेवून लोक दराची वाट बघायचे. २००५ च्या महापुरात बरीच पेवं गेली. आता गोदामात ठेवतो आणि पावतीवर कर्ज घेतो, म्हणजे व्याजाचं मीटर चालू. दर महिन्याला दर नाही, पण व्याज आणि राहिलेला साठा मांडायला पाहिजे हे पटलं.

कराडचा_टर्नर
आमचं मशीन शॉप, माल गिऱ्हाईकाचा, आम्ही फक्त मजुरी घेतो. आम्हाला भंगाराच्या दराशी देणंघेणं नाही. इन्सर्ट आणि वीज एवढंच बदलतं. आम्ही तीन महिन्यांनी बघतो आणि पुरतं. दर महिन्याला कागद रंगवायला माणूस कोण ठेवणार? लहान कारखान्यात मालकच सगळं असतो हो.

कृष्णाकाठ
टर्नर, रास्त प्रश्न आहे. म्हणूनच सगळ्या ओळी दर महिन्याला फिरवायच्या नाहीत. फौंड्रीत खर्चाचा मोठा भाग चार-पाच ओळींत असतो: भंगार, पिग, वीज, रेझिन आणि फेरो अलॉय. फक्त त्यांचे दर बदला. पगार, भाडं, विमा, घसारा हे वर्षाचे तसेच राहू द्या. लागणारे आकडे आधीच स्टोअरमध्ये असतील तर अर्ध्या दिवसाचं काम आहे.

विजेत मात्र एक सांभाळा. बिलातला डिमांड चार्ज टनावर अवलंबून नसतो. महिन्यात १०० ऐवजी ८० टन निघाले तर एकूण बिलाला युनिटने भागून काढलेला दर वाढलेला दिसतो आणि लोक महावितरणला नावं ठेवतात. डिमांड चार्ज स्थिर खर्चात ठेवा, युनिटचा आकार आणि इंधन समायोजन आकार तेवढे दरात धरा.

पलूसकर_पाटील
एक शंका. आमच्या एका मित्राच्या फौंड्रीत गिऱ्हाईक दर तिमाहीला भाव बदलून देतं, मागच्या तिमाहीच्या सरासरीवर. मग भंगार वाढलं तर वाढलं, गिऱ्हाईक देणारच आहे. बजेटची एवढी डोकेफोड कशाला?

कुपवाड_फौंड्री
आमच्याकडेही असंच आहे, आमच्या सगळ्यात मोठ्या गिऱ्हाईकाकडे. एप्रिल-जूनची सरासरी जुलैपासून लागू. बाकीच्यांकडे बोलून घ्यावं लागतं.

कृष्णाकाठ
मग हेच तुमच्या सगळ्या धाग्याचं मर्म आहे. सोपं करून बघू. १ एप्रिलला दर ४० चे ४४ झाले आणि तिथेच थांबले. सगळी गिऱ्हाईकं तिमाही पद्धतीची आहेत असं धरा. एप्रिल, मे, जून तुम्ही जुन्या भावाने माल विकता आणि नव्या भावाने भंगार घेता. १,०७,००० किलो, ४ रुपये, तीन महिने: १२ लाख ८४ हजार तुमच्या खिशातून. जुलैपासून भाव मिळतो, पण मागचे पैसे मिळत नाहीत. जेव्हा दर उतरतील तेव्हा तीन महिने उलट होईल आणि तेवढे परत येतील, जर तेव्हाही गिऱ्हाईकाने तीच पद्धत पाळली तर.

वार्षिक बजेटात हे १२ लाख ८४ हजार "वर्षअखेरीस जुळून येईल" म्हणून दिसतच नाहीत. तीन महिन्यांच्या रोलिंगमध्ये ते एप्रिलच्या पहिल्या आठवड्यातच दिसतात. आणि पाटील, "गिऱ्हाईक देणारच आहे" यात आणखी एक मेख आहे. गिऱ्हाईक भाव देतं तो त्यांनी मान्य केलेल्या किलोवर देतं, बहुधा तुमच्या कोटेशनमधल्या वापरावर. तुमचे १,१०० किलो झाले असतील तर वरच्या ३० किलोची भरपाई कुठलंच गिऱ्हाईक देत नाही. म्हणून परत तेच, वापर वेगळा बघा.

सीए_विश्रामबाग
काका, शेवटचा मुद्दा सोन्यासारखा. फक्त एक जोडते. "दर उतरताना परत येतात" यावर बँकेपुढे विसंबू नका. उतरताना बऱ्याच ठिकाणी गिऱ्हाईक म्हणतं, बाजार पडलाय, तिमाहीची वाट कशाला, आत्ताच भाव कमी करा. लहान पुरवठादार नाही म्हणू शकत नाही.

मेल्टिंग_वाला
हे अगदी डोळ्यांसमोर घडलंय. वाढताना तिमाही, उतरताना लगेच. लेखी घ्या असं सगळे सांगतात, पण घेणारा मोठा आणि देणारा लहान.

कृष्णाकाठ
लेखी घ्याच. पर्चेस ऑर्डरवर कुठल्या दराची सरासरी, कुठल्या महिन्यांची, दोन्ही दिशांना, एवढं एक वाक्य आलं तरी निदान बोलायला जागा राहते.

पलूसकर_पाटील
माझं मत थोडं बदललं, पण पूर्ण नाही. १२ महिने पुढे मांडण्याचा फायदा असतोच, भट्टीचं कर्ज घ्यायचं असेल तर तीन महिने पाहून कसं चालेल?

कृष्णाकाठ
भट्टीच्या कर्जाला वर्षाचं आणि पाच वर्षांचंच मांडावं लागेल. पण भंगाराचा अकराव्या महिन्याचा दर आज तुम्ही कशावरून लिहिणार? मोठ्या कंपन्यांकडे त्यासाठी वेगळं खातं असतं. आपल्याकडे तो आकडा आजच्या दराची नक्कल असतो, आणि त्यावर मग कुणीतरी निर्णय घेतो. मी तीन महिनेच म्हणेन. तुमचं वेगळं मत असेल तर राहू द्या.

वाई_नाका
मला हा तक्ता एक्सेलमध्ये कसा करायचा ते कुणी सांगेल का? आमचा प्लॅस्टिक मोल्डिंगचा लहान कारखाना आहे, दाण्याचे दर असेच नाचतात.

कुपवाड_फौंड्री
मी आजच केलाय. बी मध्ये बजेटचा दर, सी मध्ये प्रत्यक्ष दर, डी मध्ये टनाला ठरलेले किलो, ई मध्ये प्रत्यक्ष वापरलेले एकूण किलो, एफ मध्ये प्रत्यक्ष गेलेले टन. पहिलं सूत्र दराचा फरक, दुसरं वापराचा.

```
=(C2-B2)*E2
=(E2-D2*F2)*B2
```

दुसऱ्यात प्रत्यक्ष टन घेतलेत हे महत्त्वाचं. सुरुवातीला मी बजेटचे टन घेऊन बघणार होते, पण मग ज्या महिन्यात माल कमी जातो त्या महिन्यात उगाच बचत झाल्यासारखं दिसतं.

वाई_नाका
धन्यवाद ताई. आमच्याकडे स्प्रू-रनर दळून परत वापरतो, तो वजा करून घेतो मग.

कृष्णाकाठ
हो, वजा करा. आणि दराचा फरक खरेदीच्या वेळी काढताय की वापराच्या वेळी, हे एकदा ठरवा. साठा १५-२० दिवसांचा असेल तर जुलैत घेतलेलं महाग भंगार ऑगस्टमध्ये भट्टीत जातं. खरेदीच्या वेळी काढलात तर वाढ लवकर कळते. मी खरेदीच्या बाजूचा.

सीए_विश्रामबाग
इथे मी वेगळं म्हणेन. टॅलीत सरासरी दराने साठा चालतो, वापराच्या वेळी काढलं तर वहीशी जुळतं. खरेदीच्या वेळी काढलेला आकडा शेवटी वहीशी जुळवताना लहान अकाउंटंटची दमछाक होते.

कृष्णाकाठ
वहीशी जुळवायला तुमचं बरोबर, भाव मागायला माझं.

कुपवाड_फौंड्री
आज संध्याकाळी सासरे, दीर आणि मी तिघं बसलो. ठरलं ते सांगते. मार्चच्या बजेटातले किलो, युनिट आणि तास तसेच ठेवायचे, सासऱ्यांच्या सहीशिवाय बदलायचे नाहीत. भंगार, पिग, वीज, रेझिन आणि फेरोचे दर दर महिन्याच्या ५ तारखेपर्यंत नवीन टाकायचे आणि पुढचे तीन महिने पैशासकट मांडायचे. नवीन भंगारवाल्याचा माल एक आठवडा वेगळा ठेवून त्याच्या हीट वेगळ्या मोजणार आहोत.

दिरांनी एक प्रश्न काढला आणि त्यावर आमचं जमलं नाही. मेल्टिंग सुपरवायझरला वर्षाला बक्षीस देतो ते आतापर्यंत एकूण धातूच्या खर्चावर होतं. ते आता फक्त किलोवर ठेवलं तर तो महागडं, स्वच्छ भंगारच मागणार, कारण त्यात जळतं कमी. दर त्याच्या डोक्यावर नाही. मग काय करायचं?

मेल्टिंग_वाला
मागू दे की. मी वर मांडला तो हिशेब त्याच्यासमोर ठेवा, रसाचा किलो किती रुपयांना पडला. बक्षीस त्यावर द्या.

पलूसकर_पाटील
पण त्यात पुन्हा बाजाराचा दर आलाच ना? भंगार वाढलं की त्याचं बक्षीस गेलं.

कृष्णाकाठ
दोन्ही प्रकारच्या भंगाराचे दर एप्रिलच्या पातळीवर गोठवा, फक्त बक्षिसासाठी. स्वच्छ ४० ला, गंजकं ३८ ला, काय असेल ते. त्या गोठवलेल्या दराने रसाचा किलो काढा. मग मिश्रण निवडताना तो डोकं लावेल आणि बाजाराची झळ त्याला लागणार नाही. फक्त दोघांमधला फरक बाजारात खूप बदलला, समजा दोनाचे पाच रुपये झाले, तर हा तक्ता त्याला चुकीच्या भंगाराकडे नेईल. तेव्हा वर्षाच्या मध्ये एकदा तो फरक तपासावा लागेल. किती वेळा तपासायचा हे मला नक्की सांगता येत नाही, तिमाहीला भाव ठरतात तेव्हाच बघा असं सुचवेन.

कुपवाड_फौंड्री
हे उद्या दिरांसमोर ठेवते. वेगळ्या मोजलेल्या हीटचे आकडे आले की इथेच टाकते, स्लॅगच्या बादल्यांसकट.

मेल्टिंग_वाला
टाका ताई. आणि त्या आठवड्यात चार्ज शीट मेल्टरकडून नको, काट्याजवळ उभं राहून दिरांनाच लिहायला सांगा.